सासर तेलंगणात, नाव महाराष्ट्रात

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी घरांसाठी आम्ही यंदा अंकाबरोबर एक छोटा व्हिडिओ तयार केला आहे. मतदार यादीत आपले नाव कसे पाहायचे, एवढेच त्यात आहे. पक्ष नाही, उमेदवार नाही.

उदाहरण मुद्दाम नेहमीचेच घेतले. किनवटची मुलगी लग्न होऊन बेल्याला आली. ओळखपत्र माहेरचे, त्यावर नाव वडिलांचे आणि आडनाव जुने. ती electoralsearch.eci.gov.in उघडते आणि सासरचे आडनाव, पतीचे नाव, आदिलाबाद जिल्हा असे सगळे भरते. काहीच सापडत नाही. घरातले म्हणतात, नाव कापले. खरे तर शोधच चुकीच्या जागी चालला होता.

म्हणून व्हिडिओ नावापासून सुरू होत नाही. आधी Search by EPIC निवडायचे आणि ओळखपत्रावरचा क्रमांक जसाच्या तसा टाकायचा. राज्याच्या रकान्यात आधी महाराष्ट्र, मग तेलंगणा असे दोनदा पाहायचे. चित्रातली अक्षरे भरून शोध घ्यायचा. नाव आले की राज्य, विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवायचे. नाव यादीत नसेल, तर नुसते कार्ड दाखवून मत देता येत नाही. क्रमांक हरवला असेल, तरच नावाने शोधायचे, आणि तेव्हा जुने आडनाव व वडिलांचे नाव घालायचे. तेलुगूतून इंग्रजीत आलेली मराठी नावे कधी भलतीच उमटतात, तेव्हा दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावीत.

आमच्या उदाहरणातल्या मुलीचे नाव किनवटच्या यादीत निघाले. आता सगळ्यांत मोठा घोळ इथेच होतो: कुणीतरी तिला नवीन मतदाराचा नमुना ६ भरायला लावतो. त्यात ‘माझे नाव अन्यत्र नाही’ असे लिहून द्यावे लागते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे जाणूनबुजून खोटे लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राहण्याची जागा बदलल्याचा अर्ज नमुना ८ आहे. तो voters.eci.gov.in वर किंवा बीएलओकडे, बेल्याच्या पत्त्याच्या पुराव्यासह द्यायचा. काही आठवड्यांनी दोन्ही राज्यांत पुन्हा शोध घ्यायचा. जुनी नोंद तशीच राहिली असेल, तर बीएलओला ती दाखवायची.

एकाच माणसाचे नाव दोन याद्यांत म्हटले की आपल्याकडे आठवतात ती जिवती तालुक्यातली मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा ही गावे. पूर्वीच्या अखंड आदिलाबादचा दावा असलेल्या या गावांतल्या अनेकांकडे दोन राज्यांची ओळखपत्रे आहेत. तिथे वाद सीमेचा आहे, तो सरकारांनी सोडवायचा. बेल्याच्या सुनेला मात्र एकच अर्ज पुरतो. अडले तर १९५० वर फोन करा.