घेतल्या भावाला आला की विकू!

2022 च्या उन्हाळ्यात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा पल्ला ओलांडला आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो आकडा घराघरांत कोरला गेला. पुढच्या हंगामात भाव आठ-साडेआठ हजारांवर आला, तेव्हा अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला. ‘दहा झाल्याशिवाय काढायचा नाही.’ 2023 चा उन्हाळा आला, खोलीभर कापसाने अंगाला खाज सुटू लागली आणि भाव सात हजारांच्या आसपास उतरला. बाजाराला गेल्या वर्षीचा दहा हजारांचा आकडा ठाऊकच नव्हता. तो फक्त आपल्या डोक्यात होता.

या शेतकऱ्यांना हसायचा अधिकार निदान मला तरी नाही. बँकेत अधिकारी असताना, नव्वदच्या दशकात, मी एका कंपनीचे शंभर शेअर नव्वद रुपयांनी घेतले. भाव साठवर आला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “विकून टाका हो.” मी म्हणालो, “नव्वद होऊ दे, मग एक दिवसही ठेवणार नाही.” चाळीसवर आणखी शंभर घेतले, म्हणजे सरासरी पासष्टवर आली. हिशेब तोंडपाठ होता. पण कंपनीचा ताळेबंद मी एकदाही उघडून पाहिला नव्हता. ते कागद आजही कपाटात आहेत.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. 2008 च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरची भागविक्री झाली. किरकोळ गुंतवणूकदाराला शेअर 430 रुपयांना पडला. 11 फेब्रुवारीला नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव 372 रुपये 50 पैशांवर बंद झाला. नाराजी एवढी झाली की कंपनीने पाच शेअरमागे तीन बोनस दिले. समजा, एखाद्याला 15 शेअर मिळाले होते, म्हणजे 6,450 रुपये गुंतले. बोनसने त्याचे 24 झाले आणि खरेदीचा भाव 269 रुपयांच्या घरात आला. आता मनात नवा खुंटा ठोकला गेला: ‘269 झाले की विकू.’ 2010 मध्ये भाव दीडशेच्या आसपास होता. तेव्हा विकले असते तर 3,600 रुपये हाती आले असते. पण ‘2,850 चा तोटा कसा घ्यायचा?’ 2020 च्या मार्चमध्ये भाव दोन रुपयांच्या आत गेला आणि त्या 24 शेअरचे पन्नास रुपयेही उरले नाहीत. पुढे तो काही पट वाढला, तरी 269 दूरच राहिले.

यात दोन चुका एकमेकींच्या हातात हात घालून येतात. पहिली, खरेदीचा भाव हाच शेअरचा ‘खरा’ भाव मानणे. दुसरी, गेलेला पैसा परत आणण्यासाठी उरलेलाही अडकवून ठेवणे. तोटा कागदावर असेपर्यंत तो झालाच नाही, अशी आपली समजूत असते. टेरन्स ओडियन या अमेरिकी अभ्यासकाने दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासले आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले: लोक नफ्यातले शेअर चटकन विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात. विशेष म्हणजे, पुढच्या वर्षभरात विकलेल्या शेअरनी कवटाळलेल्यांपेक्षा सरासरीने अधिक परतावा दिला.

बँकांनाही हा रोग होता. जुने कर्ज बुडू नये म्हणून त्याच कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे आणि खाते ‘चांगले’ दाखवायचे! नरसिंहम समितीच्या 1991 च्या अहवालानंतर नियम आले. हप्ता ठरावीक मुदतीपलीकडे थकला की खाते अनुत्पादक धरायचे आणि नफ्यातून तरतूद करायची. व्यवस्थापकाला काय वाटते, हा प्रश्नच उरला नाही. घरातल्या गुंतवणूकदाराला असा नियम कोणी लावत नाही. तो त्याने स्वतःच लावून घ्यावा लागतो.

माझा नियम साधा आहे. शेअर घेतानाच वहीत एका ओळीत कारण लिहायचे: विक्री वाढते आहे, कर्ज कमी आहे, जे असेल ते. वर्षातून एकदा, खरेदीच्या भावावर बोट ठेवून, ते कारण पुन्हा वाचायचे. मग विचारायचे: आज हे शेअर नसून तेवढीच रोकड हातात असती, तर मी हेच शेअर घेतले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर विकायचे. कारण शाबूत असेल आणि केवळ बाजार पडल्याने भाव उतरला असेल, तर खुशाल ठेवावे. पडलेला प्रत्येक शेअर विकणे हेही शहाणपण नव्हे.

खरेदीच्या भावाचा खरा उपयोग प्राप्तिकराच्या विवरणात आहे. विवरणपत्र मुदतीत भरले तर विक्रीतला भांडवली तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो आणि पुढच्या भांडवली नफ्यातून नियमांनुसार वजा होतो. कपाटातल्या तोट्याला ही सवलत नाही.

सौभाग्यवती अजूनही अधूनमधून विचारतात, “नव्वद झाले का हो?”