नुसता 'क' पाठवू नका

घाटंजी तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विम्याचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, हीच दिवसभराची कामं. लोक फोन माझ्या हातात देतात, त्यामुळे कोण काय टाइप करतं आणि त्यातून काय निघतं हे रोज डोळ्यांसमोर असतं. गेल्या हंगामात एका अक्षरामुळे होता होता टळलेली गोष्ट सांगतो, कारण ती कुणाच्याही घरी घडू शकते.

गावातले एक काका दुपारी घाईघाईत आले. त्यांना कपाशीवरच्या फवारणीचं औषध घ्यायला कृषी केंद्रात जायचं होतं. त्याआधी फोनमधल्या गप्पा मारणाऱ्या यंत्राने, म्हणजे चॅटबॉटने, दिलेलं प्रमाण माझ्याकडून कागदावर उतरवून हवं होतं. मी उत्तराची पहिली ओळ वाचली आणि थांबलो. तिथे सोयाबीन लिहिलं होतं. "काका, तुम्ही कपाशीचं विचारलं होतं ना?" ते म्हणाले, "हो ना बाप्पा. कपाशी लिवत होतो, पण नुसता क गेला. मंग प्रमाण किती तेवढंच विचारलं."

मी गप्पा वर सरकवून पाहिल्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या मुलाने त्याच खिडकीत सोयाबीनच्या अळीबद्दल विचारलं होतं. यंत्राने तीन औषधं अ, ब, क अशी मांडली होती आणि कोणत्या औषधाची माहिती हवी असं विचारून ते थांबलं होतं. त्यानंतर काकांचा 'क' गेला. यंत्राने तो तिसरा पर्याय धरला आणि पुढच्या प्रश्नाला त्या औषधाचं सोयाबीनवरचं प्रमाण दिलं. त्याच्या हिशेबाने त्यात काही चुकलं नव्हतं. काकांच्या शेतात मात्र उभी होती पऱ्हाटी.

हाच 'क' शोधाच्या चौकटीत पडला असता तर काहीच बिघडलं नसतं. तिथे अक्षर टाकलं की खाली यादी उघडते. तुमच्या जिल्ह्यात आणि देशात लोक काय शोधतात, तुम्ही स्वतः आधी काय शोधलं, सध्या कशाची चर्चा आहे, यावरून ती यादी बनते. गुगलवर घड्याळाचं चिन्ह असलेल्या ओळी तुमच्या स्वतःच्या जुन्या शोधातल्या असतात. 'क' ने भलतंच आलं तर 'कप' लिहा, मग 'कपाशी', मग 'कपाशी गुलाबी'. एकेका अक्षराने यादी गाळली जाते, आणि त्यातली ओळ तुम्ही बोटाने निवडेपर्यंत किंवा शोधाचं बटण दाबेपर्यंत तुमचा प्रश्न ठरत नाही. चुकीची ओळ उघडली तरी मागे यायचं, झालं. मागच्या आठवड्यातला शोध आजच्या 'क'चा अर्थ बदलून तुम्हाला उत्तर देत नाही. फार तर यादीत एक ओळ वर आणतो.

गप्पांमध्ये पाठवलेलं अक्षर हा पूर्ण निरोप असतो. यंत्र त्याच खिडकीतलं आधीचं बोलणं जोडून त्याचा अर्थ लावतं. खिडकी कोरी असेल तर बहुतेक यंत्रं काय म्हणायचं आहे असं उलट विचारतात. वर प्रश्न लटकत असेल तर मात्र तुमचं अक्षर त्याचं उत्तर होतं. 'y' म्हणजे होय, 'k' म्हणजे ओके, 'ब' म्हणजे दुसरा पर्याय. फोन खिशात दाबला गेला की लहान पोराने बोट लावलं, हे त्याला कळायला मार्ग नाही. आकडे दाबायला लावणाऱ्या साध्या यंत्राचं वेगळं आहे. त्याला अक्षर कळलं नाही तर ते तीच यादी पुन्हा दाखवतं. अंदाज बांधून पुढे जातं ते मोकळेपणाने बोलणारं यंत्र.

काकांचं बोट घसरलं त्यालाही कारण आहे. शोधाच्या चौकटीत कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटण शोध घेतं. गप्पांमध्ये काही ॲपवर त्याच जागचं बटण निरोप पाठवून देतं, काहींवर नुसती नवी ओळ सुरू करतं. टाइप करताना बोट त्या कोपऱ्याला लागलं की अर्धा शब्द निघून जातो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. गप्पांच्या यंत्राला शेतीचं विचारायचं असेल तर प्रत्येक विषयाला नवीन गप्पा उघडा. आधी फोनच्या नोंदवहीत पूर्ण वाक्य लिहा, वाचा, आणि मग तिथे चिकटवा. काकांसोबत बसून आम्ही असं लिहिलं: "यवतमाळ जिल्हा, कोरडवाहू कपाशी, पेरणीला ९० दिवस. वीस झाडांवरचं एकेक हिरवं बोंड फोडून पाहिलं, तीन बोंडांत गुलाबी अळी निघाली. डोमकळ्याही दिसतात. काय करावं?" यात पीक, वय, कीड आणि मोजणी सगळं आलं. विसात दोन बोंडं किडकी निघाली की दहा टक्के होतात, आणि गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार तिथून सुरू करायचा असतो. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तरी तीच खूण. काकांची मोजणी पंधरा टक्क्यांवर होती, म्हणजे प्रश्न खरा होता. तो आधी यंत्रापर्यंत पोचलाच नव्हता.

चुकून अक्षर गेलंच तर ते पुसण्याच्या मागे लागू नका. यंत्राने ते वाचलेलं असतं. लगेच खाली लिहा, "वरचा क चुकून गेला, तो धरू नका, माझा प्रश्न कपाशीचा आहे." आणि उत्तर आलं की सर्वांत आधी त्यात पिकाचं नाव शोधा. ते जुळत नसेल तर खालचा एकही आकडा उतरवून घेऊ नका.

शोधाची यादीही डोळे झाकून घेऊ नका. २८ फेब्रुवारी २०२४ ला पीएम किसानचा सोळावा हप्ता यवतमाळहूनच सोडला गेला. त्या दिवसांत माझ्या काउंटरवर 'प' टाकला की हप्त्याच्याच ओळी वर यायच्या. लोक पहिली ओळ दाबायचे, मग पहिलीच साइट, आणि तिथे आधार क्रमांक भरायला लागायचे. यादी फक्त लोक काय विचारतात ते दाखवते. साइट खरी की खोटी, हे ती सांगत नाही. पत्ता pmkisan.gov.in आहे का ते पाहा आणि मगच आधार टाका. व्हॉट्सॲपवर आलेली त्या नावाची फाइल तर उघडूच नका.

औषधाच्या प्रमाणाबाबत मी इतका आग्रह का धरतो, ते या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागू नये. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. त्यानंतर आमच्या गावात कुणी डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय औषध कालवलं, तर मला झोप लागत नाही. यंत्राचं उत्तर बरोबर वाटलं तरी प्रमाण लेबलवरच्या पिकाच्या नावासमोर पाहा. ते पीक लेबलवर नसेल तर ते औषध त्या पिकाला नाही. कृषी सहायकाला फोन करा, नाहीतर किसान कॉल सेंटरला, क्रमांक १८००-१८०-१५५१, पैसे लागत नाहीत. तिथे माणूस मराठीत बोलतो, आणि अर्धा शब्द ऐकू आला तर पुन्हा विचारतो.

काकांनी त्या दिवशी औषध घेतलं नाही. कृषी सहायक दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर आले, आणि बोंडं पुन्हा फोडून मोजली.