माफीची मुदत

आमच्या रोहिणखेडचा एक दादा (नात्याने माझा चुलतभाऊ) दोन वर्षे दुबईत चोरासारखा राहिला. त्याने चोरी मात्र केली नव्हती. एजंटाने त्याला नोकरीऐवजी भेटीच्या व्हिसावर पाठवले. मुदत संपली, पासपोर्ट मुकादमाकडे अडकला आणि दादा बेकायदेशीर ठरला.

१ सप्टेंबर २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीने माफीची योजना सुरू केली, तेव्हा गावातले शहाणे म्हणाले, "सूट देऊन राह्यले, तरी जात नाही. भित्रा कुठला!" मला हा आरोप अन्यायाचा वाटतो.

त्याच्यापुढचा हिशेब पाहा. मुदत उलटल्यावर दर दिवशी ५० दिरहम दंड. सातशे दिवसांचे ३५,००० दिरहम, म्हणजे जवळजवळ आठ लाख रुपये. माफीत हा दंड सुटत होता. पण त्यासाठी आपणच कचेरीत उभे राहून बोटांचे ठसे द्यायचे. "गेलो अन् तिथंच धरलं तं?" असे तो फोनवर विचारी. आयुष्यात तलाठ्यापलीकडे कचेरी न पाहिलेल्या माणसाचा हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता.

योजनेत दोन वाटा होत्या. पहिली, परवाना घेऊन देश सोडणे. त्यात पुन्हा येण्यास बंदी नव्हती. हा परवाना सुरुवातीला चौदाच दिवसांचा होता, पुढे तो मुदतीअखेरपर्यंत चालू ठेवला गेला. दुसरी, नव्या मालकाच्या व्हिसावर तिथेच कायदेशीर होणे. त्यासाठी भारतीय वाणिज्य दूतावास अल्पमुदतीचा पासपोर्ट देत होता. परतणाऱ्यांना आपत्कालीन प्रवासपत्र विनामूल्य मिळे. मात्र ही सूट निवासाच्या कायद्यापुरतीच होती. बँकेचे कर्ज किंवा फौजदारी खटला तिने मिटत नव्हता.

एक ठेकेदार दादाला म्हणाला, "थांब, तुझे कागद मी करतो." कागद मात्र पुढे सरकेनात. खरा धोका इथेच होता. तोंडी शब्दावर थांबावे आणि मुदत निघून जावी, तर दंड पुन्हा डोक्यावर. ३१ ऑक्टोबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली खरी, पण ती वाढेल हे आधी कोणी सांगितले नव्हते. दादाने ऑक्टोबरातच प्रवासपत्र काढले, ठसे दिले आणि तो परत आला. कोणी त्याला धरले नाही.

माझे म्हणणे एवढेच : नव्या मालकाने अर्ज खरोखर दाखल केला असेल तरच थांबावे, नाहीतर पहिल्या वाटेने निघावे. आणि माफीची वाट पाहण्याची वेळच येऊ नये म्हणून, निघण्यापूर्वी व्हिसावर 'भेट' लिहिले आहे की 'नोकरी', हे घरातल्या शिकलेल्या पोराने वाचून द्यावे. दादा निघाला तेव्हा घरात वाचणारा मीच होतो. तो कागद मी पाहिलाही नाही.