निकालातली कोणती ओळ बांधते?

कोर्टाच्या निकालातली प्रत्येक ओळ कायदा नसते. ज्या कारणावर निकाल उभा असतो ते 'रेशो'. ते खालच्या कोर्टांना बांधतं. ओघात मांडलेलं मत म्हणजे 'ऑबिटर'. त्याला वजन असतं, पण ते तसं बांधत नाही.

नागपूरचा मिलिंद खटला बघा. कोष्टी समाजातल्या विद्यार्थ्याने 'हलबा' म्हणून डॉक्टरकीला प्रवेश घेतला होता. हायकोर्टाने त्याचा दावा मानला. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 28 नोव्हेंबर 2000 ला तो फेटाळला. राष्ट्रपतींच्या यादीत 'हलबा' आहे, तर कोर्टाने त्यात 'हलबा-कोष्टी' घालायचं नाही. हा झाला रेशो. शेवटी मात्र कोर्ट म्हणालं, याची पदवी राहू द्या, पक्के झालेले प्रवेश आणि नेमणुका तशाच राहू द्या.

पुढे दाखला रद्द झालेले लोक हीच शेवटची ओळ दाखवून नोकरी वाचवू लागले. 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानेही ती इतरांना लावली. आपल्या वाट्याच्या जागा त्यात अडकल्या. 6 जुलै 2017 ला सुप्रीम कोर्टाने पूर्णपीठाचा निकाल चूक ठरवला. ती सवलत कलम 142 खालची, त्या खटल्यापुरती होती. कलम 141 खाली सर्व कोर्टांना बांधणारा कायदा ती नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, कुणी निकालाची ओळ दाखवली तर आधी विचारा: ही काढली तर निकाल पडतो का? मिलिंद खटल्यातली सवलत काढा, यादीबद्दलचा निकाल तसाच उभा राहतो.