तीस ओळी कशाला? फोटोवर नंबर टाका!

समजा, पेडगावातल्या एका कापड दुकानात एकच कॉटन कुर्ती ६ रंगांत आणि ५ साइजमध्ये आली. प्रकार झाले ३०. ते सगळे ओळीने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, की मेसेज अर्ध्यावर झाकला जातो आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘किंमत किती?’

माझ्या मते, कॅप्शनमध्ये सगळ्या प्रकारांना लागू असलेलंच लिहावं. रंग दाखवायचं काम फोटोचं. प्रत्येक रंगाच्या फोटोवरच १ ते ६ असा ठळक नंबर टाका. फोटो सुटा फॉरवर्ड झाला तरी नंबर सोबत जातो. शिवाय मोरपंखी कुणाला निळा वाटतो, कुणाला हिरवा. नंबरात तो घोळ नाही.

मग कॅप्शन एवढंच उरतं:

```
कॉटन कुर्ती ४५० रु. (डबल एक्सएल ५०० रु.)
साइज: एस ते डबल एक्सएल
रंग: फोटोवरचा नंबर
ऑर्डर अशी लिहा: ३-एल
```

एखादा रंग सगळ्या साइजमध्ये नसेल, तर ‘६ नंबर फक्त एल’ अशी एक ओळ वाढवा. असे अपवाद दोनाच्या वर गेले, तर त्या रंगांची पोस्ट वेगळी करा.

शिल्लक माल मात्र कॅप्शनमध्ये लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो आणि फॉरवर्ड झालेली प्रत तर आपल्या हातात राहतच नाही. माल संपला, की त्याच पोस्टला रिप्लाय द्या: ‘३-एल संपला’.