विहीर-नोंदीच्या शीटबाबत अखेरचा इशारा: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ८

पाबळ आणि वाड्यावस्त्यांवर विहिरी मोजणाऱ्या सर्व स्वयंसेवकांस,

ऑक्टोबरच्या मोजणीच्या शीटमध्ये प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने नोंदी भरल्या आहेत. अशा आकड्यांवरून पाबळच्या पाण्याचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. म्हणून स्पष्ट सांगत आहे: रविवार, ९ नोव्हेंबर रोजी रात्री ८ वाजता शीट बंद होईल. तोपर्यंत खालील पद्धतीने दुरुस्त न झालेली नोंद गोषवाऱ्यातून वगळली जाईल. कोणासाठीही मुदत वाढणार नाही.

पहिली बाब तारखेची. आपली शीट अमेरिकी लोकेलवर आहे, म्हणजे ती महिना आधी वाचते. तुम्ही ५ ऑक्टोबर म्हणून 05/10/2025 लिहिले की शीट ते १० मे समजते. डोळ्यांना काहीच चुकलेले दिसत नाही, पण पावसाळ्यानंतरचे पाणी उन्हाळ्याच्या खात्यात जाते. 15/10/2025 लिहिले तर पंधरावा महिना नसल्यामुळे शीट ती तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवते. आता लोकेल बदलून आधीच उलटलेल्या तारखा सुधारणार नाहीत. त्या हातानेच पुन्हा भराव्या लागतील. तारीख फक्त 2025-10-05 अशी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. तारीख A2 मध्ये असेल, तर शेजारच्या रिकाम्या शीटवर नव्हे, त्याच शीटच्या उजवीकडच्या मोकळ्या रकान्यात हे लिहून तपासा:

```
=TEXT(A2,"mmmm")
```

उत्तर October आले तर नोंद बरोबर. May आले तर तारीख उलटली आहे. 15/10/2025 हेच जसेच्या तसे परत आले तर तो मजकूर आहे. तपासून झाल्यावर हे सूत्र पुसून टाका.

दुसरी बाब खोलीची. आपल्याला जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर हवे आहे, तेही मीटरमध्ये. काहींनी फूट लिहिले, तर काहींनी शेतकऱ्याने सांगितलेले ‘चार परस पाणी’ नोंदवले. परस सांगतो विहिरीत किती पाणी उभे आहे ते. पाणी जमिनीपासून किती खाली आहे, ते त्यातून कळत नाही. मोटर चालू असेल किंवा नुकतीच बंद झाली असेल तर मोजू नका, पाणी स्थिर होऊ द्या.

उदाहरण घ्या. कठड्याच्या काठावरून टेप सोडला आणि पाणी 6.85 मीटरवर लागले. कठडा जमिनीपासून 0.90 मीटर उंच आहे. पाण्याची खोली 5.95 मीटर. टेपचे माप आणि कठड्याची उंची या दोन रकान्यांत तुम्ही फक्त 6.85 आणि 0.90 लिहा, वजाबाकी शीट करते. कठडा विसरलात तर पाणी जवळजवळ एक मीटर खाली दिसेल. हेच माप फुटांत 22.5 असे लिहिले तर शीट ते साडेबावीस मीटर धरेल. ‘6.85 मी’ असेही लिहू नका. अक्षर आले की तो आकडा राहत नाही आणि सरासरीतून गुपचूप गळतो.

तिसरी बाब कोरड्या विहिरीची. तिथे 0 लिहिणाऱ्यांनी नीट समजून घ्या: 0 म्हणजे टेप सोडताच पाणी लागले, विहीर काठोकाठ भरलेली. कोरड्या विहिरीचे माप रिकामे ठेवा आणि स्थितीच्या यादीतून ‘कोरडी’ निवडा. मोजताच आली नसेल तर ‘मोजली नाही’ निवडा. या दोन गोष्टी एक नाहीत.

गावाचे व वस्तीचे नाव टाइप करू नका, यादीतूनच निवडा. ‘पाबळ’, Pabal आणि शेवटी मोकळी जागा सुटलेले ‘पाबळ ’ ही शीटच्या लेखी तीन गावे आहेत. दुसरीकडून काही चिकटवायचे असेल तर Ctrl+Shift+V वापरा, नाहीतर यादीच पुसली जाते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, कारण पावसाने किती पाणी मुरले ते या दोन मापांतल्या फरकावरून कळते. पाबळसारख्या अवर्षणप्रवण गावात रब्बीला काय पेरायचे आणि उन्हाळ्यात टँकर कधी मागायचा, हे त्या फरकावर ठरवायचे आहे. ऑक्टोबरची पातळी डिसेंबरमध्ये पुन्हा मोजता येत नाही. तोवर उपसा सुरू झालेला असतो.

म्हणून वहीतले मूळ माप समोर ठेवूनच दुरुस्ती करा. वहीत नसलेला आकडा आठवणीने किंवा अंदाजाने भरू नका. असा आकडा आढळल्यास त्या स्वयंसेवकाचा शीट बदलण्याचा अधिकार त्याच दिवशी काढला जाईल आणि त्याच्या सर्व विहिरी जानेवारीपासून दुसऱ्याकडे दिल्या जातील.

रविवारी रात्री ८ नंतर जे शीटमध्ये असेल, तेच ग्रामसभेपुढे जाईल. आजच शीट उघडा आणि आपल्या प्रत्येक विहिरीची ओळ तपासा.

समन्वयक, विहीर-नोंद
पाबळ, ता. शिरूर, जि. पुणे