म्हशीचा इसार आणि मोबाइलचा पिन



म्हैस विकायची म्हटली की हल्ली मोबाइलवर फोटो टाकतात. त्यावर गिऱ्हाईक येते, तसा भामटाही येतो. म्हणून गावातल्या तरुणांनी मोबाइलवर चित्रित करून चावडीवर दाखवावी, अशी एक छोटी चित्रफीत येथे देत आहोत.

प्रवेश पहिला

(ओसरी. आई धान्य निवडते आहे. फोन वाजतो.)

माणूस : म्हैस पसंत आहे. इसार पाच हजार आत्ताच पाठवतो.

आई : कितव्या वेताची, दूध किती, काही विचारलं नाहीत?

माणूस : फोटोत दिसलं की! तुमच्या फोनवर चौकोनी चित्र धाडलंय, क्यूआर कोड. मुलाला म्हणावं स्कॅन करून पिन टाक, पैसे जमा होतील. लवकर करा, टेम्पो निघालाय.

(मुलगा आपल्या फोनने ते चित्र टिपतो. पडद्यावर ५,००० रुपये आणि खाली Pay असे दिसते. तो पिन दाबतो.)

मुलगा : आई, पैसे आले नाहीत. गेले!

(चित्र थांबते. तांबडी पाटी, फुली : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. Pay म्हणजे पैसे द्या.)

प्रवेश दुसरा

(लगेच पुन्हा फोन.)

माणूस : चूक झाली, ताई. आता दहा हजारांचा कोड धाडतो. तुमचे पाच आणि इसाराचे पाच, दोन्ही येतील.

आई : पैसे तुम्ही देणार, मग कुलूप आम्ही का उघडायचं? ठेवा फोन. बाळा, १९३० लाव.

(हिरवी पाटी, बरोबरची खूण : फोन बंद करा. लगेच १९३० वर कळवा.)

चित्रफीत येथे संपते. ती पाहणाऱ्यांना दोन गोष्टी समजावून सांगा.

पिन ही आपल्या खात्याची किल्ली आहे. कोणी आपल्याला पैसे पाठवले तर ते आपोआप खात्यात पडतात, आपल्याला काही दाबावे लागत नाही. पूर्वी भामटे मोबाइलवर पैशाची मागणी पाठवून हेच करीत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची यूपीआयवरील सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पण व्यापाऱ्यांकडून मागणी येऊ शकते आणि क्यूआर कोडची युक्ती तर चालूच आहे.

दुसरे, १९३० वर उशीर न करता कळवावे. भामट्याच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तोवरच ती रोखता येते. त्याने काढून घेतली की परत मिळणे कठीण. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ जवळ ठेवा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी कळवा.

आणि इसार घ्यायचाच तर म्हैस दावणीला पाहून गेलेल्या गिऱ्हाइकाकडूनच घ्या.